पाळणाघरातलं पहिलं वर्ष आणि न थांबणारं नाक

दीड वर्षाचं मूल जूनमध्ये पाळणाघरात जायला लागतं आणि दिवाळीपर्यंत घरात एकच वाक्य ऐकू येतं, "याची सर्दी काही जातच नाही." मग आजी म्हणते, सारखं आजारी पडून पोराची ताकद गेली.

आधी जरा हिशोब करू. या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचंच आहे आणि पाळणाघरातल्या मुलांना त्याहून जास्तही होतात. जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांत आठ वेळा सर्दी झाली आणि प्रत्येक वेळी ती बारा दिवस टिकली, तर शहाण्णव दिवस झाले. म्हणजे दर तीन दिवसांपैकी एक दिवस नाक वाहणारच. त्यात खोकला मागे रेंगाळतो, कधी तीन आठवडेही. त्यामुळे वेगवेगळ्या सर्द्या एकमेकींना चिकटून एकच लांबलचक आजार वाटतो.

मुळात सर्दी हा एका विषाणूचा आजार नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत. एकाशी झुंज दिल्यावर शरीर त्याची ओळख ठेवतं, पण दुसऱ्या प्रकाराला ती ओळख फारशी उपयोगी पडत नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं तर पहिल्या वर्षातच ओसरलेली असतात. मूल नवीन आहे, म्हणून ते हरतंय असं दिसतं. खरं तर ते एकेक विषाणू पहिल्यांदाच पाहतंय.

अमेरिकेतल्या ॲरिझोनामधील टूसॉन शहरात 1980 ते 1984 मध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी घरी वाढलेल्यांपेक्षा जास्त सर्द्या झाल्या, पण सहा ते अकरा वर्षांच्या वयात उलट कमी. तेराव्या वर्षी हा फरक उरला नाही. प्रतिकारशक्ती झिजत असती तर शाळेच्या वयात हीच मुलं जास्त आजारी पडायला हवी होती.

याचा अर्थ मुद्दाम आजारी पाडा असा नाही. काही महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की साध्या विषाणूनेही त्याला धाप लागू शकते.

आजीचं म्हणणं खरं ठरावं असा एक अपवाद मात्र आहे, तो म्हणजे गोवर. त्याचा विषाणू प्रतिकारशक्तीची आठवण साठवणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांची गोवरानंतर 11 ते 73 टक्के जुनी प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. ती चुकवू नये.

बाकी सर्द्या मोजत बसण्यापेक्षा दोन सर्द्यांमधलं मूल बघावं. तेव्हा ते खेळतं, जेवतं, वजन वाढतं? मग ठीक. वारंवार न्यूमोनिया, कान सतत फुटणं, तोंडात न जाणारा पांढरा बुरशीचा थर किंवा खुंटलेलं वजन दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना तपासायला सांगावं. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.