पार्श्वभूमी : दीड ग्रॅमचा गूळ आणि पी-मूल्य

बेळगावजवळच्या एका छोट्या पॅकिंग युनिटमध्ये गूळ पावडरीची २५ पाकिटं काट्यावर ठेवली होती. छापील वजन ५०० ग्रॅम. रिकाम्या पिशवीचं वजन वजा केल्यावर सरासरी भरली ४९८.४ ग्रॅम. पाकिटापाकिटांत थोडा फरक असणारच. तो मोजणारं प्रमाण विचलन आलं ४ ग्रॅम. एक्सेलने पी-मूल्य दाखवलं ०.०२८. फिलिंग मशीनवरचे काका माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, “म्हणजे मशीन बरोबर असायचा चान्स तीन टक्केच म्हणा की ओ!”

काकांचं चुकलं, पण त्यात त्यांना लाजायचं कारण नाही. हेच वाक्य मी पदवीधरांच्या अहवालांत छापलेलं वाचलंय. हा घोटाळा झाला कसा, ते पाहायला शंभरेक वर्षं मागं जावं लागतं आणि गंमत म्हणजे तिथंही एक कारखानाच भेटतो.

विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवण्याच्या कामावर १८९९ साली रुजू झालेला रसायनशास्त्रज्ञ. त्याची अडचण अगदी आपल्या मालाचा दर्जा तपासणाऱ्या क्यूसीवाल्यासारखी होती. बार्ली आणि हॉप्सचे नमुने हाती यायचे चार-पाच, आणि त्या काळची सूत्रं शेकड्यांनी मोजमापं असतील तरच विश्वासाची. थोड्या नमुन्यांत प्रमाण विचलन हाच मुळात अंदाज असतो, आणि तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा लहान निघतो. मग किरकोळ फरकही मोठा वाटू लागतो. गॉसेटने ३००० कैद्यांच्या बोटांची आणि उंचीची मापं कार्डांवर लिहून काढली, कार्डं पिसली, आणि चार-चारचे ७५० गट पाडून आपलं गणित प्रत्यक्षात उतरतं का ते ताडून पाहिलं. नोकरांनी स्वतःच्या नावाने लेख छापायला कंपनीची परवानगी नव्हती, म्हणून १९०८ चा तो लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. आपण आजही ‘स्टुडंटची टी-चाचणी’ म्हणतो ती यामुळे.

आमच्या पाकिटांवर ती चाचणी अशी बसते :

```
t = (498.4 - 500) / (4 / √25) = -2
=T.DIST(-2, 24, TRUE)   → 0.0285
```

भागाकाराच्या खालचा आकडा ०.८ ग्रॅम. २५ पाकिटांची सरासरी नुसत्या योगायोगाने साधारण एवढी इकडंतिकडं हलते. आमची सरासरी त्याच्या दुप्पट खाली गेलीय. पाकिटं चारच असती आणि तरीही हा भागाकार उणे दोनच आला असता, तर पी-मूल्य ०.०७ निघालं असतं. जुन्या पद्धतीने मात्र दोन्ही वेळा ०.०२३ च आलं असतं. गॉसेटने सुधारली ती ही चूक.

आता या ०.०२८ चा अर्थ. क्षणभर धरून चालू की मशीन सरासरी बरोबर ५०० ग्रॅमच भरतंय. याला शून्य परिकल्पना म्हणतात. अशा निर्दोष मशीनवरून आपण २५-२५ पाकिटं हजार वेळा उचलली, तर त्यांतल्या साधारण २८ वेळा टी उणे दोन किंवा त्याहून खाली जाईल, म्हणजे आमच्याइतकी किंवा जास्त तूट दिसेल. पी-मूल्य एवढंच सांगतं. मशीन चांगलं आहे हे त्यात आधीच धरलेलं आहे. मग तेच मशीन चांगलं असण्याची शक्यता त्याच आकड्यातून कशी काढणार?

काकांना जो आकडा हवा होता, त्यासाठी मशीन मुळात किती वेळा बिघडतं हे ठाऊक असावं लागतं. समजा, हजार शिफ्टपैकी १०० शिफ्टमध्येच ते खरोखर दीडेक ग्रॅम कमी भरतं. पी ०.०५ च्या खाली गेलं की मशीन थांबवायचं असा नियम केला, तर उरलेल्या ९०० चांगल्या शिफ्टपैकी ४५ वेळा उगाच थांबवाल. बिघडलेल्या १०० पैकी २५ पाकिटांच्या नमुन्यात साधारण ६० पकडाल. म्हणजे १०५ वेळा थांबवलं, त्यांतल्या ४५ वेळा मशीन ठणठणीत. तीन टक्के सोडाच, चाळीसच्या वर गेलं.

बरं, हे ०.०५ आलं कुठून? रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रोनाल्ड फिशरने १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही सोयीची रेघ म्हणून सुचवली. त्याची कोष्टकंही ०.०५, ०.०२, ०.०१ अशा ठरावीक रकान्यांत होती. हाताने गणित करणाऱ्याला पी नेमकं काढणं जिकिरीचं. रकाना पाहून ‘०.०५ पेक्षा कमी’ लिहिणं सोपं. सवय लागली ती लागलीच. फिशरच्या लेखी मात्र पी हा पुराव्याचा जोर होता, निकाल नव्हे. १९३३ साली यर्झी नेमन आणि एगॉन पिअरसन यांनी वेगळाच रस्ता धरला : उगाच थांबवण्याची आणि बिघाड निसटण्याची, अशा दोन्ही चुका किती चालतील ते आधी ठरवा, मग नियमाप्रमाणे वागा. फिशरचं त्यांच्याशी कधी पटलं नाही. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी दोघांना एकाच पातेल्यात ढवळलं, आणि कोणाचीच चव राहिली नाही.

त्या खिचडीचा एक नमुना आमच्याच नोंदवहीत निघाला. आधी ठरवलं होतं, फक्त तूट तपासायची. नंतर कोणीतरी म्हणालं, जास्त भरलं तरी मालकाचं नुकसानच, दोन्ही बाजू बघा. दोन्ही बाजू बघितल्या की तेच पी दुप्पट, ०.०५७. पाकिटं तीच, काटा तोच. सकाळी मशीन ‘नापास’ आणि दुपारी ‘पास’. प्रश्न एकतर्फी की दुतर्फी, हे पाकिटं उचलायच्या आधीच लिहून ठेवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून घातक. हीच १.६ ग्रॅमची तूट नऊच पाकिटांत दिसली असती तर पी ०.१३ आलं असतं, आणि अहवालात ‘फरक नाही’ असं गेलं असतं. उलट हजार पाकिटं तोलून तूट फक्त ०.४ ग्रॅम निघाली तरी पी ०.००१ च्या खाली जातं. पी मोठं म्हणजे वजन बरोबर नव्हे आणि पी लहान म्हणजे तूट मोठी नव्हे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये खास निवेदन काढून साधारण हेच सांगावं लागलं.

आणि हे सगळं पाकिटं कशी उचलली यावर टांगलेलं. आमची २५ ची २५ पाकिटं शिफ्ट सुरू होताना, हॉपर काठोकाठ भरलेलं असताना, ओळीने उचललेली होती. अशी पाकिटं एकमेकांसारखीच निघतात; त्यांना २५ स्वतंत्र नमुने मानणं ही आमचीच चूक, आणि ती टी-चाचणीचं सूत्र पकडत नाही. दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी एक पाकीट, अशी आठ तासांत २४ उचलली.

वहीत आता पी-मूल्याच्या शेजारी एक रकाना वाढलाय : सरासरी वजन किती, आणि ते कुठून कुठपर्यंत असू शकतं. पहिल्या दिवसाच्या पाकिटांसाठी तिथं ‘४९६.७५ ते ५००.०५’ लिहिलंय, कंसात ‘ओळीने उचललेली’. काकांनी तेवढं वाचलं आणि विचारलं, “मग स्क्रू किती फिरवू, ते सांगा.”