चार बिटांचे निरपेक्ष मूल्य आणि १००० चा पेच

ऋण संख्या यंत्रात कशी लिहावी, हा प्रश्न १९४५ च्या सुमारास संगणकाच्या पहिल्या आराखड्यांमध्येच उभा राहिला होता. चिन्हासाठी वेगळा बिट ठेवणाऱ्या पद्धतीत निरपेक्ष मूल्य काढायला तो बिट पुसला की पुरे, आणि वन्स कॉम्प्लिमेंटमध्ये सगळे बिट उलटवले की काम होते. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये मात्र उलटवल्यावर एक मिळवावा लागतो, म्हणून येथे एक मिळवणारा परिपथ, म्हणजे इन्क्रिमेंटर, आला. १९६४ मध्ये एका मोठ्या मेनफ्रेम मालिकेने हीच पद्धत स्वीकारली, त्यानंतर बाकीच्या पद्धती हळूहळू मागे पडल्या.

प्रयोगशाळेतली जुळणी आजही बहुधा सत्तरच्या दशकातलीच आहे: चार एक्सॉर गेटांची एक 7486 चिप आणि चार बिटांच्या बेरीजकाराची एक 7483. चिन्हबिट A3 चारही एक्सॉर गेटांच्या दुसऱ्या पायांना जोडायचा आणि तोच बेरीजकाराच्या कॅरी-इनला द्यायचा. बेरीजकाराचा दुसरा आकडा शून्यावर बांधला की तोच इन्क्रिमेंटर होतो. A3 शून्य असेल तर संख्या जशीच्या तशी बाहेर पडते. −५ म्हणजे १०११ दिल्यास गेटांमधून ०१०० निघते आणि एक मिळून ०१०१, म्हणजे ५, मिळते. चौथे गेट खरे तर अनावश्यक आहे, कारण A3 चा स्वतःशीच एक्सॉर नेहमी शून्य येतो. उत्तराचा सर्वांत खालचा बिट Y0 देखील थेट A0 च असतो.

वाद आहे तो १००० चा. −८ उलटवल्यावर ०१११ येते आणि एक मिळवला की पुन्हा १०००. हा दोष जोडणीचा नसून व्याप्तीचा आहे, कारण चार बिटांत −८ मावतो, +८ मावत नाही. मग उत्तर काय समजावे? एक मत असे की बाहेर पडलेले बिट चिन्हविरहित वाचावेत, म्हणजे ८ बरोबरच आहे. दुसरे असे की ते ७ वर अडवावे. तिसरे असे की उत्तर तसेच सोडून चूक झाल्याची खूण द्यावी. प्रोसेसरांच्या सूचनासंचांमध्ये पहिले दोन्ही पर्याय सापडतात. सी भाषेच्या प्रमाणाच्या C23 आवृत्तीने टूज कॉम्प्लिमेंट बंधनकारक केले, तरी सर्वांत लहान संख्येचे `abs` अनिश्चितच ठेवले. प्रस्तुत लेखकाला चिन्हविरहित वाचन सर्वांत प्रामाणिक वाटते, मात्र पुढच्या परिपथाला ते ठाऊक असले पाहिजे.

खूण काढताना विद्यार्थी हमखास बेरीजकाराच्या कॅरी-आउटला दिवा जोडतात, आणि तो कधीच लागत नाही. चिन्हबिटाच्या जागी शून्य आल्यामुळे बेरीज ०१११ अधिक १ च्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे कॅरी बाहेर पडायला वावच उरत नाही. दिवा उत्तराच्या सर्वांत वरच्या बिटाला, म्हणजे Y3 ला, जोडावा. सोळाही संख्या क्रमाने दिल्यास तो फक्त १००० ला लागतो.