मिनिटभरानं उमटणारा पांढरा डाग

शिबिरात 'टेस्ट पॉझिटिव्ह आली' असं सांगितलं की बाई आणि घरचे सगळे एकच अर्थ काढतात: कॅन्सर झाला. मग कुणीतरी सल्ला देतं, 'पिशवीच काढून टाका, कटकट संपेल.' गर्भाशयमुखावर असेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीबद्दल हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे. आम्ल लावल्यावर दिसणारा पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. तो कशामुळे उमटतो हे समजलं तर पुढे काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आपोआप स्पष्ट होतं.

गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात. आतल्या नळीला मात्र उंच, चिकट स्राव करणाऱ्या पेशींचा एकच थर असतो. वयात आल्यावर या उंच पेशींचा काही भाग बाहेर येतो, योनीतल्या आम्लाच्या संपर्कात येतो आणि तिथे हळूहळू चपट्या पेशी तयार होऊ लागतात. हा बदल जिथे चालू असतो तो पट्टा म्हणजे या रोगाचं मुख्य ठिकाण. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग इथे वर्षानुवर्षं टिकून राहिला तर पेशींची वाढ बिघडते, आणि गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर याच पट्ट्यात सुरू होतात. बिघाड ते कॅन्सर हा प्रवास साधारणपणे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त चालतो. तपासणीला जी संधी मिळते, ती या काळात.

निरोगी चपट्या पेशींच्या वरच्या थरात केंद्रकं बारीक असतात आणि ग्लायकोजेन भरपूर असतं. प्रकाश या थरांतून आत शिरतो, खालच्या रक्तवाहिन्यांवरून परततो, म्हणून ती जागा गुलाबी दिसते. बिघडलेल्या भागात पेशींची दाटी होते, केंद्रकं मोठी होतात, म्हणजेच प्रथिनं वाढतात. तिथे ३ ते ५ टक्के असेटिक आम्ल लागलं की ही प्रथिनं तात्पुरती गोठतात. कच्च्या अंड्यातला बलकाभोवतीचा पारदर्शक भाग तव्यावर पांढरा होतो, साधारण तसंच. आता प्रकाश खालपर्यंत पोचतच नाही, वरच्या वर विखुरतो, आणि तेवढाच भाग पांढरा दिसतो. फरक इतकाच की इथला बदल कायमचा नसतो. आम्लाचा असर ओसरला की डाग विरतो.

मला या तपासणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही वेळेची. आम्ल लावल्यावर एक पूर्ण मिनिट थांबायचं, तेही घड्याळ बघून. घाई केली तर खरा डाग उमटायच्या आतच 'निगेटिव्ह' लिहिलं जातं. नव्यानं तयार होणाऱ्या, अजून पक्व न झालेल्या निरोगी पेशीही पांढऱ्या होतात. पण त्यांचा पांढरेपणा पातळ असतो, कडा पुसट असतात, आणि तो लवकर विरतो. रोगपूर्व बदलाचा डाग दाट, अपारदर्शक, ठसठशीत कडेचा असतो. तो दोन प्रकारच्या पेशींच्या सीमारेषेला चिकटून असतो आणि काही मिनिटं टिकतो. सीमेपासून दूर विखुरलेले फिकट ठिपके पॉझिटिव्ह धरत नाहीत.

समजा, अडतीस वर्षांची एक बाई उपकेंद्रात आली. नर्स योनी उघडी धरणारं स्पेक्युलम हे साधन बसवते, चांगल्या उजेडात गर्भाशयमुख बघते, स्राव कापसानं हलकेच टिपते आणि सीमारेषा शोधते. मग ५ टक्के द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा मुखावर नीट लावते. हे द्रावण ५ मिली तीव्र असेटिक आम्ल ९५ मिली शुद्ध पाण्यात मिसळून करतात. हे मोजमाप चुकवून चालत नाही, तीव्र आम्ल तसंच लागलं तर भाजतं. मिनिटानंतर मुखाच्या वरच्या ओठावर, घड्याळात बारा ते दोन वाजण्याच्या जागी, दाट पांढरा डाग दिसतो आणि तो सीमेला टेकलेला असतो. तपासणी पॉझिटिव्ह. यापुढे काहीही ठरवायच्या आधी कोल्पोस्कोपी.

कोल्पोस्कोप म्हणजे बाहेर ठेवूनच बघायची, मुख मोठं करून दाखवणारी दुर्बीण. डॉक्टर आधी हिरव्या फिल्टरमधून रक्तवाहिन्या पाहतात. डागात बारीक ठिपक्यांची किंवा फरशीसारखी नक्षी आहे का, हे तेव्हा कळतं. मग पुन्हा असेटिक आम्ल, आणि त्यानंतर आयोडीन. ग्लायकोजेन असलेल्या निरोगी पेशी आयोडीननं गडद तपकिरी होतात, बिघडलेला भाग पिवळा राहतो. सर्वांत संशयास्पद जागेचा छोटा तुकडा काढून पॅथॉलॉजीला पाठवतात. या बाईच्या तुकड्यात, समजा, मध्यम दर्जाचा रोगपूर्व बदल निघाला. सगळा डाग आणि सीमारेषा दिसत असेल, डाग नळीत आत जात नसेल आणि कॅन्सरचा संशय नसेल, तर तो भाग उष्णतेनं नष्ट करता येतो. डाग नळीत शिरत असेल तर तारेच्या वेढ्यानं तो भाग काढून तपासायला पाठवतात. दोन्ही प्रकारांत गर्भपिशवी जागच्या जागी राहते.

म्हणूनच 'पांढरं जातं, पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालून पिशवी काढण्याचे सल्ले दिले जातात तेव्हा मला संताप येतो. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, त्यातही ही भीती दिसली होती. अंगावरून पांढरं जाणं आणि आम्लानं उमटणारा पांढरा डाग यांचा काहीएक संबंध नाही. तसंच घरातलं व्हिनेगर वापरून स्वतःच 'स्वच्छता' करण्यानं इजाच होते.

या तपासणीचं खरं मोल आणि तिची मर्यादा दोन्ही महाराष्ट्रातच मोजल्या गेल्या. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं दीड लाख महिलांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत, साधारण दहावी झालेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. तिथे या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. नव्या रुग्णांचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं, कारण कॅन्सर रोखण्यापेक्षा तो लवकर सापडणं हा फायदा झाला होता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवात, खेड्यांमध्ये एकदाच तपासणी झाली. तिथे एचपीव्ही चाचणीच्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले, तर आम्लाच्या गटात ठाम घट दिसली नाही. म्हणजे ही तपासणी एकदा करून विसरायची नाही, ठरावीक अंतरानं पुन्हा करायची. शिवाय डोळ्यांवर तिची भिस्त असल्यानं प्रत्येक तपासनिसाचं कसब वेगळं पडतं. पाळी गेल्यावर सीमारेषा नळीत आत सरकते, तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही आणि अशा बाईला 'निगेटिव्ह' म्हणणं धोक्याचं ठरतं.

जागतिक आरोग्य संघटना आज पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला देते, आणि ते योग्यच आहे. त्या चाचणीसाठी नमुना बाई स्वतःही देऊ शकते. पण ती पॉझिटिव्ह आल्यावर उष्णतेनं उपचार चालतील की भाग कापूनच काढावा लागेल, हे ठरवायला मुख पाहावंच लागतं. आणि पाहण्याआधी त्यावर तेच असेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबावं लागतं.