ऑड की इव्हन? बांधलेल्या दोरीवरची पल्स उलटी का येते, आणि मोकळ्या टोकाला सुलटी का

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना वेव्ह इक्वेशन शिकवतो आणि दरवर्षी एकाच जागी गाडी अडते. दोरीचं एक टोक भिंतीला आहे, दुसरं लांब, इतकं लांब की त्याचा विचारच करायचा नाही, म्हणजे x = 0 पासून पुढे अनंत. द'अलेंबरचं सूत्र मात्र दोन्ही बाजूंनी अनंत असलेल्या दोरीसाठी आहे, मग भिंतीपलीकडे एक कल्पनेतली दोरी जोडायची आणि तिच्यावर सुरुवातीचा आकार काहीतरी भरायचा. आता काय भरायचं, ऑड एक्स्टेन्शन की इव्हन? मुलं दोन्ही पाठ करतात आणि पेपरात अदलाबदल करतात. म्हणून आज दोन्ही एकाच दोरीवर, एकाच पल्सवर शेजारी शेजारी ठेवतो.

आधी दोन टोकं नीट बघू. घट्ट टोक म्हणजे खिडकीच्या गजाला गाठ मारलेली कपडे वाळत घालायची दोरी, गाठ हलत नाही. x या जागी t या वेळी दोरीची उंची u(x,t) म्हटली, तर कायम u(0,t) = 0. मोकळं टोक म्हणजे दोरीच्या टोकाला एक हलकी कडी आणि ती कडी उभ्या गुळगुळीत सळईवर सरकते, दोरी ताणलेली आहे पण टोकाला वरखाली जायला कुणी अडवत नाही. बिनवजनाच्या कडीवर उभं बल उरूच शकत नाही, म्हणून टोकाशी दोरी आडवीच राहते, उतार शून्य. एका ठिकाणी उंची शून्य, दुसऱ्या ठिकाणी उतार शून्य, सगळा फरक इथून निघतो.

आता भिंतीपलीकडे काय भरायचं ते आपोआप ठरतं. ऑड फंक्शन म्हणजे F(−x) = −F(x), आणि असं सलग फंक्शन शून्यावर शून्यच असतं, दुसरा पर्यायच नाही. इव्हन फंक्शन गुळगुळीत असेल तर शून्यावर त्याचा उतार शून्य असतो. पण हे फक्त t = 0 ला खरं असून भागत नाही, पुढेही कायम खरं राहायला हवं, आणि मुलं हाच मुद्दा ओलांडून पुढे पळतात. तो असा सुटतो: u(x,t) हे उत्तर असेल तर −u(−x,t) हेपण वेव्ह इक्वेशनचं उत्तर आहे, कारण x च्या बाबतीत फक्त दुसरा डेरिव्हेटिव्ह आहे आणि दोनदा मायनस लागून तो जसाच्या तसा राहतो. सुरुवातीचा आकार आणि वेग दोन्ही ऑड असतील तर या दोन्ही उत्तरांची सुरुवात एकच, उत्तर तर एकच असू शकतं, म्हणजे ती दोन्ही एकच आहेत आणि u कायम ऑड राहतं. भिंतीची अट आपण नंतर कुठे लादत नाही, ती सुरुवातीलाच पेरलेली असते.

एक केस घेऊ. दोरीचं वजन मीटरला 100 ग्रॅम, ताण 10 न्यूटन, म्हणून लाटेचा वेग c = √(10/0.1) = 10 मीटर प्रति सेकंद. भिंतीपासून 3 मीटरवर दोरी 4 सेंटीमीटर वर उचलून त्रिकोण केला, त्रिकोण 2 मीटरपासून 4 मीटरपर्यंत, बाकी दोरी सपाट, आणि स्थिर धरून सोडून दिली. सोडल्या सोडल्या त्रिकोणाचे दोन होतात, प्रत्येक 2 सेंटीमीटर उंच, एक उजवीकडे निघून जातो तो गेलाच, आपल्याला काम डावीकडे येणाऱ्याशी. त्याचं पुढचं टोक 0.2 सेकंदाला भिंतीशी पोचतं, शिखर 0.3 ला, शेपूट 0.4 ला.

घट्ट टोकाला आपण भिंतीपलीकडे −3 मीटरवर 4 सेंटीमीटर खाली गेलेला त्रिकोण ठेवतो. त्याचेही दोन होतात आणि त्यातला एक, 2 सेंटीमीटर खोल, उजवीकडे आपल्या दिशेने येतो. 0.3 सेकंदाला खऱ्या पल्सचं शिखर आणि या पलीकडच्या पल्सचा तळ बरोबर भिंतीवर एकमेकांवर बसतात, पहिल्या मीटरभरात एक +2(1 − x) आणि दुसरी −2(1 − x), बेरीज शून्य. म्हणजे त्या क्षणी भिंतीजवळची दोरी पूर्ण सपाट असते. इथं हमखास कुणीतरी विचारतं, "सर, पल्स संपली का मग?"

नाही संपली, आणि हा प्रश्न फार चांगला आहे. आकारांची वजाबाकी झाली पण वेगांची बेरीज झाली. येणाऱ्या पल्सची शेपटीकडची बाजू आहे, ती पुढे सरकते तशी तिथली दोरी खाली उतरते, 20 सेंटीमीटर प्रति सेकंद. पलीकडून येणाऱ्या खड्ड्याची पुढची बाजू आहे, तीपण दोरीला खालीच ओढते, तेवढ्याच वेगाने. म्हणजे सपाट दिसणारी ती एक मीटर दोरी 40 सेंटीमीटर प्रति सेकंदाने खाली चाललेली असते (त्रिकोणाचं टोक अगदी टोकदार धरलंय म्हणून हा वेग भिंतीपाशी एकदम शून्यावर तुटतो, खऱ्या दोरीत टोक गोलसर असतं आणि वेग हळूहळू शून्यावर येतो). ऊर्जा मोजून बघा: ½ × 0.1 × 0.4² × 1 = 0.008 ज्यूल. येणाऱ्या पल्समध्ये 0.004 ताणाची आणि 0.004 हालचालीची होती, एकूण तेवढीच. सगळी ऊर्जा त्या क्षणी हालचालीत गेलीय, म्हणूनच पुढच्या क्षणी दोरी सपाट न राहता खाली जाते आणि 0.4 नंतर 2 सेंटीमीटरचा उलटा त्रिकोण परत निघालेला दिसतो.

आता तीच दोरी, तीच पल्स, फक्त टोक मोकळं. भिंतीपलीकडे −3 मीटरवर त्रिकोण ठेवतो तो वरच, 4 सेंटीमीटर. 0.3 सेकंदाला दोन शिखरं टोकावर एकमेकांवर बसतात आणि कडी 4 सेंटीमीटर वर जाते, येणाऱ्या पल्सच्या दुप्पट. यावेळी आकारांची बेरीज आणि वेगांची वजाबाकी, कारण एक दोरीला खाली ओढते आणि दुसरी वर ढकलते, त्या मीटरभरात वेग शून्य. ऊर्जा सगळी ताणात: ½ × 10 × 0.04² × 1 = 0.008 ज्यूल, परत तेवढीच. बरोबर आरसा आहे बघा, एकीकडे उंची शून्य आणि वेग दुप्पट, दुसरीकडे वेग शून्य आणि उंची दुप्पट. मोबाइलच्या 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये 0.2 ते 0.4 सेकंद म्हणजे 48 फ्रेम मिळतात, तेवढ्यात हे डोळ्याने दिसू शकतं.

आणि भिंतीला काय जाणवतं? घट्ट टोकाशी दोरीचा उतार दुप्पट होतो, 0.02 चा 0.04, म्हणून गाठीवर आधी 0.4 न्यूटन वर आणि मग 0.4 न्यूटन खाली असा झटका बसतो. भिंत वर ओढली जाते तेव्हा ती दोरीला तितकीच खाली ओढते, आणि उलटी पल्स या ओढण्यातूनच तयार होते. पलीकडची खोटी दोरी म्हणजे गाठीने काय काय केलं त्याचा हिशोबच.

आता पेपरात नेमकं कुठे चुकतं ते. समजा सुरुवातीचा आकार f(x) = x² दिलाय, सुरुवातीचा वेग g(x) शून्य, टोक घट्ट. मुलगा सरळ सूत्रात टाकतो:

```
½[(x+ct)² + (x−ct)²] = x² + c²t²
```

उत्तर देखणं आहे, इक्वेशनमध्ये बसतं, सुरुवातीलाही जुळतं. पण x = 0 टाका, c²t² येतं, म्हणजे गाठ सुटून वर निघाली! झालं असं की x² हे सूत्र निगेटिव्ह आकड्यांवर आपणहून इव्हन आहे, त्यामुळे न सांगता इव्हन एक्स्टेन्शन लागलं आणि मोकळ्या टोकाचं उत्तर हातात आलं. ऑड एक्स्टेन्शन म्हणजे डावीकडे −x² घ्यायचं, आणि मग x < ct असताना

```
½[(ct+x)² − (ct−x)²] = 2ctx
```

आता x = 0 ला शून्य, आणि x = ct वर दोन्ही तुकडे 2c²t² वर जुळतात. x > ct ला मात्र जुनंच उत्तर चालतं, कारण तिथं भिंतीची खबर अजून पोचलेलीच नाही. उत्तर लिहिलं की x = 0 टाकून बघायचं, पाच सेकंदांचं काम आहे आणि ही चूक हमखास पकडली जाते. याच उदाहरणात अजून एक दिसतं: उतार सलग जातो पण दुसरा डेरिव्हेटिव्ह 2 वरून एकदम 0 होतो, आणि ही तुटलेली रेघ x = ct वर पुढे पुढे सरकत राहते. गुळगुळीत उत्तर हवं असेल तर f(0) = 0 पुरत नाही, f''(0) पण शून्य लागतो.

दुसरी चूक वेगाची. f ला ऑड केलं आणि g ला विसरले. सतारीची तार ओढून सोडली की f असतो आणि g शून्य, तेव्हा हे चालून जातं, पण संतूरच्या तारेवर कलम मारली की तार सपाट असते आणि सगळं काम g चं असतं. तिथं g पण ऑडच घ्यायचा, मग इंटिग्रलमध्ये −(ct−x) ते (ct−x) हा भाग स्वतःशीच कटतो आणि फक्त ct−x ते ct+x एवढाच उरतो.

तिसरी चूक चित्रातली. ऑड म्हणजे नुसतं खाली उलटं करणं नव्हे, उगमबिंदूभोवती अर्धा फेरा, म्हणजे डावं-उजवंपण बदलतं. आपला त्रिकोण दोन्हीकडे सारखा होता म्हणून हे लपलं. पल्सची पुढची बाजू तीव्र उताराची आणि मागची मंद उताराची असेल, तर परतताना ती खाली तोंड करून येते पण तीव्र बाजू तरीही पुढेच असते, कारण जी बाजू आधी भिंतीला लागली ती आधी परत फिरणार. मोकळ्या टोकालाही तीव्र बाजू पुढेच, फक्त तोंड वर. बरीच मुलं नुसतं वरखाली करतात आणि परतणाऱ्या पल्सची शेपूट पुढे काढतात.

आणि ही युक्ती कुठे चालत नाही तेही सांगतो. टोक स्प्रिंगला बांधलं असेल तर अटीत उंची आणि उतार दोन्ही एकत्र येतात, मग ऑडपण नाही आणि इव्हनपण नाही. इक्वेशनमध्ये u_x ची टर्म आली तर x चा −x केल्यावर तिचं चिन्ह बदलतं आणि सगळा युक्तिवादच मोडतो, घर्षणाची u_t टर्म मात्र चालते. आणि गाठ स्थिर नसून कुणी हातात धरून हलवत असेल, u(0,t) = h(t), तर x < ct मध्ये h(t − x/c) एवढं वेगळं मिळवायचं आणि उरलेल्या भागाला ऑड एक्स्टेन्शन लावायचं.