पंचेचाळीस, पण कितीपैकी?

मे महिन्यात सोलापुरात कुणी नुसतं "आज पंचेचाळीस" म्हटलं, तर ऐकणारा पुढे काही विचारत नाही, पंखा वाढवतो. पंचेचाळीस म्हणजे अंश सेल्सिअस, हे दोघांनाही ठाऊक असतं. शून्य कुठे धरायचं आणि एक अंश केवढा, हे आधीच ठरलेलं आहे. महिन्याभराने त्याच घरात पोरगं येऊन सांगतं, "मला पंचेचाळीस पडले." वाक्य तेवढंच, पण त्यामागे ठरलेलं असं काहीच नाही.

पेपर ५० चा असेल तर हे ९० टक्के झाले, पेढे आणायचे. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या ७० गुणांच्या लेखी पेपरात ते ६४ टक्क्यांच्या आसपास जातात, १०० च्या पेपरात ४५ टक्के आणि १५० च्या पेपरात फक्त ३०. म्हणून पहिला प्रश्न "कितीपैकी?" हाच. पण तो विचारण्याआधीही आकडा थोडं बोलतो. दहावीच्या गणिताचा भाग एक ४० गुणांचा, भाग दोनही ४० चा. त्यामुळे "बीजगणितात पंचेचाळीस" असं कुणी म्हणालं तर ते गुण एका पेपराचे असूच शकत नाहीत. दोन्ही भागांची बेरीज सांगितली असेल, किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे २० त्यात मिसळले असतील.

दुसरा प्रश्न बरेचदा राहून जातो: पंचेचाळीस काय? गुण, टक्के, बरोबर उत्तरं की पर्सेंटाइल? सीईटीचे पंचेचाळीस पर्सेंटाइल म्हणजे साधारण ४५ टक्के परीक्षार्थी तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत. तुम्हाला किती प्रश्न आले, हे त्यातून कळत नाही. तिथे "कितीपैकी" विचारून उपयोग नाही, "कितीजणांत" विचारावं लागतं.

अशोक चौकाजवळच्या एका घरातलं उदाहरण घेऊ. मावशी चादरींच्या कारखान्यात हिशेब बघते, भाचा शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करतोय. या परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, एकूण १५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

"मावशी, सराव पेपरात पंचेचाळीस पडले."

"दोन-दोन मार्कांचे प्रश्न ना रे? मग पंचेचाळीस मार्क पडतील कसे?"

पोरगं गप्प. मग म्हणालं, "सरांनी बरोबर किती तेवढंच मोजायला सांगितलं होतं."

हिशेब बघणारीची नजर. सगळे प्रश्न दोन गुणांचे असतील तर बेरीज विषम येणं शक्य नाही. म्हणजे पंचेचाळीस ही बरोबर उत्तरं, गुण झाले ९०, आणि १५० पैकी ९० म्हणजे ६० टक्के. मघाशी ३० टक्के वाटणारा आकडा एका प्रश्नात दुप्पट झाला. बहुतेक घरांत चौकशी इथेच थांबते आणि "बरं आहे, अजून अभ्यास कर" एवढ्यावर विषय संपतो.

मावशीने पुढचं विचारलं, "चुकले किती आणि सोडले किती?" उत्तरपत्रिका काढून मोजलं. बरोबर ४५, चूक १८, कोरे १२. बेरीज ७५ जुळली.

चार पर्यायांच्या पेपरात शून्य ज्ञानाला शून्य गुण पडत नाहीत. डोळे मिटून ७५ गोळे काळे केले तरी सरासरीने १९ च्या आसपास बरोबर येतात. त्यामुळे ४५ पैकी किती कमावलेले आणि किती सापडलेले, हे वेगळं काढावं लागतं. निव्वळ अंदाजाने ठोकलेल्या चार उत्तरांपैकी सरासरीने तीन चुकतात, एक लागतं. म्हणजे दर तीन चुकांमागे एक फुकटचं बरोबर उत्तर लपलेलं असतं. १८ चुका, म्हणून फुकटची ६. उरली ३९ खरी आलेली. आता दुसऱ्या दोन पोरांचा विचार करा. एकाने एकही प्रश्न कोरा सोडला नाही, ४५ बरोबर आणि ३० चूक. त्याची खरी आलेली ३५. दुसऱ्याने ४५ सोडवले, सगळे बरोबर, ३० कोरे. त्याची ४५. गुण तिघांचेही ९० च.

या दुसऱ्या पोराला अभ्यासापेक्षा वेगाबद्दल विचारायला हवं: वेळ पुरला नाही, की चुकेल या भीतीने सोडले? जिथे गुण कापत नाहीत तिथे कोरं सोडणं हा तोटाच. आपल्या भाच्याने ते १२ कोरे गोळे नुसते अंदाजाने भरले असते, तर सरासरीने तीन लागले असते, म्हणजे ६ गुण.

हे गणित फार ताणू मात्र नये. एक तर ते सरासरीचं आहे. ३० चुका करणाऱ्या पोराला खरी आलेली ३५ ऐवजी ३२ किंवा ३८ ही असू शकतात, नशिबाचा तेवढा हात असतोच. दुसरं, मुलं सहसा डोळे मिटून ठोकत नाहीत. दोन पर्याय कापून उरलेल्या दोनांत अंदाज केला, तर प्रत्येक चुकेमागे एक लागलेलं उत्तर धरावं लागतं आणि १८ चुकांमागची फुकटची ६ वरून १८ होतात. तिसरी अडचण सगळ्यात मोठी: चूक म्हणजे अंदाजच असं नाही. भाच्याच्या प्रश्नपत्रिकेत चुकलेल्या एका प्रश्नाशेजारी पेन्सिलीने अख्खी वजाबाकी केलेली होती, फक्त हातचा द्यायचा राहिला होता. हा अंदाज नव्हे. अशा चुकीमागे फुकटचं उत्तर मोजायचंच नाही. कच्चं काम शेजारी आहे की जागा कोरी, हे पाहिलं की दोन्ही प्रकार बरेचसे वेगळे होतात. म्हणून गुणांच्या आकड्यापेक्षा पेपर हातात घेणं बरं. तो मात्र बहुतेक वेळा क्लासमध्येच राहिलेला असतो.

जिथे गुण कापतात तिथे हाच आकडा आणखी फसवा होतो. नीटमध्ये १८० प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा, एकूण ७२०. इथे पंचेचाळीस दोन अगदी टोकाच्या वाटांनी येतात. एका मुलीने फक्त १५ प्रश्नांना हात घातला, १२ बरोबर, ३ चूक: ४८ वजा ३. दुसऱ्याने १८० च्या १८० गोळे काळे केले, ४५ बरोबर, १३५ चूक: १८० वजा १३५. गंमत अशी की काहीही न वाचता सगळे गोळे भरणाऱ्याला सरासरीने पडतील ते नेमके हेच पंचेचाळीस. चुकीला एक गुण कापणं अंदाज पुरता निकामी करायला अपुरं आहे. त्यासाठी चार गुणांच्या प्रश्नाला सव्वा-दीड गुण कापावा लागला असता. नशिबाचा पसाराही मोठा: असे नुसते गोळे भरणारे बसवले, तर तिघांतले दोघे साधारण १६ ते ७४ च्या दरम्यान सापडतील. त्यामुळे सगळं भरून ४५ ऐवजी ६० मिळवलेल्या पोराची प्रगती झाली असं म्हणता येत नाही. पहिल्या मुलीच्या बाबतीत मात्र बोलण्यासारखं आहे. हात घातलेल्या पाच प्रश्नांपैकी चार तिला येतात. तिचा अभ्यासक्रम किती पूर्ण झालाय आणि ते १५ प्रश्न कोणत्या विषयाचे होते, एवढं तिला विचारलं की बोलणं पुढे सरकतं.