यकृत चित्रात डावीकडे का असते?

पोटाच्या सीटी स्कॅनमधली एक आडवी स्लाइस पडद्यावर उघडली की यकृत डाव्या हाताला दिसते आणि प्लीहा उजव्या हाताला. शरीरात मात्र हे उलट आहे. कारण चित्र एका ठरावीक संकेताने मांडलेले असते. रुग्ण उताणा झोपला आहे आणि पाहणारा त्याच्या पायांपाशी उभा राहून डोक्याच्या दिशेने बघतो आहे, असे मानायचे. मग चित्राची वरची कड म्हणजे पोटाची पुढची भिंत, खालची कड म्हणजे पाठ आणि चित्राची डावी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी. स्लाइसवर अवयवांची नावे घालताना होणाऱ्या सर्वांत गंभीर चुका या संकेताभोवतीच होतात. तो कसा रुजला हे माहीत असले की त्या चुका पकडणेही सोपे जाते.

शरीराचे आडवे छेद पाहण्याची कल्पना सीटीहून शंभरावर वर्षांनी जुनी आहे. रशियन शल्यविशारद निकोलाय पिरोगोव यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये मृतदेह गोठवून करवतीने कापले आणि त्या छेदांचा मोठा चित्रसंग्रह 1852 ते 1859 या काळात प्रसिद्ध केला. नेहमीच्या विच्छेदनात पोट उघडले की आतडी घसरतात, यकृत सैल पडते, अवयवांच्या जागा बदलतात. गोठवलेल्या देहात सगळे जागच्या जागी थिजलेले असते. पुढे लाइपझिगमध्ये विल्हेल्म ब्राउने यांनीही याच पद्धतीने छेद तयार केले. अवयव एकमेकांना नेमके कुठे टेकलेले असतात, हे या चित्रांतून स्पष्ट दिसले.

पण या चित्रांना एक मर्यादा होती, आणि आजच्या वाचकालाही ती नडते. मृतदेह श्वास रोखून धरत नाही. सीटी काढताना बहुतेक वेळा श्वास आत घेऊन थांबायला सांगतात. तेव्हा श्वासपटल खाली येते आणि त्याच्याबरोबर यकृत, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडे काही सेंटिमीटर खाली सरकतात. मणके मात्र हलत नाहीत. म्हणून जुन्या चित्रसंग्रहात एखाद्या मणक्यासमोर जे दिसते, तेच जिवंत माणसाच्या स्लाइसमध्ये त्याच मणक्यासमोर दिसेलच असे नाही. शिवाय मृतदेहातल्या शिरा रिकाम्या किंवा चपट्या झालेल्या असू शकतात, तर सीटीत त्या रक्ताने भरलेल्या असतात.

सीटीचा पहिला रुग्ण 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात तपासला गेला. यंत्र ईएमआय कंपनीतले अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे होते आणि रेडिओलॉजिस्ट होते जेम्स ॲम्ब्रोज. चित्र होते मेंदूचे. त्यात 80 बाय 80 इतकेच चौकोन होते आणि मोजणीला काही मिनिटे लागत. डोके तेवढा वेळ स्थिर धरता येते. पोट धरता येत नाही. श्वासाने यकृत वरखाली होते, आतडी सतत आकुंचन पावतात, आणि मोजणी चालू असताना अवयव हलला की चित्रभर पट्टे उमटतात. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठात रॉबर्ट लेडली यांच्या गटाने संपूर्ण शरीर मावेल असे यंत्र लवकरच तयार केले, पण पोटाची चित्रे खरोखर उपयोगी झाली ती 1970 च्या दशकाच्या मध्यात. एका स्लाइसची मोजणी सुमारे 20 सेकंदांवर आली आणि तेवढा श्वास रोखणे बऱ्याच रुग्णांना शक्य झाले.

यातली दुसरी अडचण श्वासाइतकी चटकन लक्षात येत नाही. हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी 0 आणि हवा उणे 1000 असते. म्हणजे 10 एकके हा पाण्याच्या तुलनेत एक्स-किरण अडवण्याच्या क्षमतेतला फक्त एक टक्क्याचा फरक. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्त चित्रात उजळ दिसावे म्हणून दिलेले द्रव्य, न देता काढलेल्या स्कॅनमध्ये निरोगी यकृत साधारण 60 च्या आसपास येते, प्लीहा 50 च्या आसपास, रक्त 40 आणि मूत्रपिंड 30. ज्या चार गोष्टींवर नावे घालायची, त्या सगळ्या मिळून तीन टक्क्यांच्या पट्ट्यात बसतात. साध्या एक्स-रेमध्ये त्या वेगळ्या दिसणे अवघडच होते. त्यांच्या कडा उठून दिसतात त्या मुख्यतः भोवतालच्या चरबीमुळे, कारण चरबी उणे 100 च्या आसपास असते. फार कृश रुग्णात ही चरबी नसते, आणि तेव्हा अनुभवी माणसालाही कडा शोधाव्या लागतात.

म्हणूनच पडद्यावर सगळी मोजपट्टी एकदम दाखवत नाहीत. पोटासाठी सहसा मध्य 40 आणि रुंदी 400 ठेवतात. उणे 160 च्या खालचे सगळे काळे, 240 च्या वरचे सगळे पांढरे, आणि राखाडी छटा फक्त मधल्या भागाला. हाडांसाठीची रुंद मांडणी चुकून तशीच राहिली तर यकृत आणि प्लीहा एकाच सपाट राखाडी रंगात दिसतात. अशा चित्रावर नावे घालायला बसण्याआधी मांडणी तपासावी.

आता दिशेच्या संकेताकडे परत येऊ. मेंदूच्या सीटीच्या सुरुवातीच्या काळात छेद वरून, म्हणजे डोक्याच्या बाजूने पाहिल्यासारखा मांडण्याचीही पद्धत होती. शल्यविशारद डोक्यापाशी उभा राहून काम करतो, त्याला ते सोयीचे. छातीचा आणि पोटाचा एक्स-रे पाहणाऱ्यांची सवय मात्र वेगळी होती. एक्स-रे लावताना रुग्ण समोर उभा आहे असे मानतात, त्यामुळे त्याची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डावीकडे येते. पायांकडून पाहिले की आडव्या छेदातही तेच घडते. दोन्ही प्रकारची चित्रे शेजारी ठेवून वाचायची तर बाजू न बदलणारा संकेत सुरक्षित, आणि तोच टिकला. 1993 मध्ये वैद्यकीय चित्रांच्या फाइलींसाठी डायकॉम हे प्रमाण आले, त्यात दिशा आकड्यांत लिहितात. त्यात पहिला अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे आणि तिसरा डोक्याकडे. नेहमीच्या आडव्या स्लाइसच्या फाइलमध्ये `(0020,0037)` या जागी `1\0\0\0\1\0` असे दिसते. म्हणजे चित्राची ओळ रुग्णाच्या उजवीकडून डावीकडे आणि स्तंभ पुढून पाठीकडे जातो. संशोधनात वापरल्या जाणाऱ्या निफ्टी फाइलमध्ये पहिले दोन अक्ष सहसा उलट मोजतात. रूपांतर करताना केवळ चित्रबिंदू उचलले आणि दिशेची नोंद मागे राहिली, तर मूत्रपिंडांची नावे अदलाबदल होतात.

एक स्लाइस घेऊ. कमरेचा पहिला मणका, कॉन्ट्रास्ट शिरेतून दिल्यानंतर सुमारे 70 सेकंदांनी. मी सुरुवात नेहमी मणक्यापासून करतो, कारण तो कुणाच्याही श्वासाने हलत नाही. त्याच्या लगेच पुढे, रुग्णाच्या किंचित डावीकडे, जवळपास गोल आणि साधारण 2 सेंटिमीटर व्यासाचे चकचकीत वर्तुळ म्हणजे महाधमनी. वयस्क रुग्णात तिच्या भिंतीत कॅल्शियमचे पांढरे ठिपके असतात. तिच्या शेजारी रुग्णाच्या उजवीकडे जे अंडाकृती, कधी अगदी चपटे दिसते, ती आयव्हीसी, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. एका स्लाइसवर या दोघींची शंका आली तर वरखाली सरकून पाहावे. महाधमनी कमरेच्या चौथ्या मणक्याजवळ दुभंगते, तर आयव्हीसी वर जाताना यकृताच्या मागच्या भागात शिरते. या वेळेला मूत्रपिंडांकडून आलेले कॉन्ट्रास्टयुक्त रक्त आणि पायांकडून आलेले साधे रक्त आयव्हीसीत नुकतेच मिसळत असते. मध्ये दिसणारा काळसर डाग म्हणजे गुठळीच असे समजू नये.

महाधमनीच्या पुढे चरबीत वेढलेले छोटे वर्तुळ म्हणजे आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी. त्या दोघींच्या मधून डाव्या मूत्रपिंडाची शीर आडवी जाऊन आयव्हीसीला मिळते. ती सापडली की तिच्या मागोमाग डाव्या मूत्रपिंडाच्या खाचेपर्यंत पोहोचता येते, आणि माझ्या मते डावे मूत्रपिंड ओळखण्याचा याहून पक्का मार्ग नाही. उजवे मूत्रपिंड यकृतामुळे सहसा थोडे खाली असते, म्हणून याच स्लाइसवर त्याची खाच अजून दिसत नसेल आणि ते बंद गोळ्यासारखे दिसेल. यकृताने रुग्णाची उजवी बाजू व्यापलेली असते, तिथे गोंधळ होत नाही. प्लीहेचा होतो. ती डावीकडे मागच्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते, आणि या पातळीवर तिचे फक्त खालचे टोक उरलेले असते किंवा तेही नसते. यादीत नाव आहे म्हणून तिथल्या आतड्याच्या वळणाला प्लीहा म्हणू नये. वर सरकून ती मोठी होत जाते का, हे पाहावे. स्कॅन 30 सेकंदांवरच काढला असेल तर प्लीहा पट्टेरी, ठिगळे लावल्यासारखी दिसते. ते तिच्यातल्या रक्ताच्या वेगवेगळ्या गतीमुळे असते, तो आजार नव्हे.

आता समजा, समोर आलेल्या स्लाइसवर यकृत पडद्याच्या उजवीकडे आहे आणि त्या बाजूला रुग्णाची डावी बाजू असल्याची खूण छापलेली आहे. तीन शक्यता उरतात: तपासणीच्या वेळी रुग्णाची स्थिती चुकीची नोंदली गेली, फाइल आरशासारखी उलटली, किंवा रुग्णाचे अवयव जन्मतःच उलट बाजूंना आहेत.

पहिली शक्यता पूर्ण मालिका पाहून निकालात निघते. शरीर कसेही फिरवले तरी एकच दिशा उलटत नाही, दोन दिशा एकत्र उलटतात. पाय आधी आत गेलेला रुग्ण डोके आधी गेल्याचे नोंदले, तर डावे-उजवे उलटते आणि डोके-पाय यांचा क्रमही उलटतो. फाइलच्या हिशोबाने वर जाताना छातीऐवजी ओटीपोट येऊ लागते. पालथ्या रुग्णाला उताणा नोंदले, तर डावे-उजव्याबरोबर पुढचे-मागचेही उलटते. जठरातली हवा नेहमी वर चढते आणि द्रव खाली बसतो, त्यामुळे हवा पाठीच्या बाजूला जमलेली दिसली की रुग्ण पालथा होता हे कळते. मेजाची वक्र रेघही पाठीला न टेकता पोटाला टेकलेली असते.

फक्त डावे-उजवेच उलटले असेल, तर ते फिरवून घडू शकत नाही. तिथे आरसा आहे, फाइलमधला किंवा शरीरातला. साधारण दहा हजारांत एका माणसात छाती-पोटातले अवयव पूर्ण उलट असतात. त्याची महाधमनी, आयव्हीसी आणि हृदयाचे टोकही उलट बाजूला असते, त्यामुळे त्याचे चित्र आणि उलटलेल्या फाइलचे चित्र यांत केवळ अवयवांच्या मांडणीवरून फरक करता येत नाही. बाहेरचा पुरावाच लागतो: आधीची सोनोग्राफी, ईसीजी, खूण लावलेला छातीचा एक्स-रे, किंवा यंत्राच्या मूळ संगणकावरची त्याच तपासणीची प्रत. मूळ प्रतीत यकृत योग्य जागी असेल, तर रूपांतरातला दोष शोधावा आणि त्याच वाटेने गेलेल्या बाकीच्या फाइलीही परत पाहाव्यात. मूळ प्रतीतही ते उलट असेल, तर जुने पुरावे मिळेपर्यंत ‘डावे मूत्रपिंड’ आणि ‘उजवे मूत्रपिंड’ ही नावे घालू नयेत. यकृताच्या बाजूचे आणि प्लीहेच्या बाजूचे एवढेच लिहावे.