आचारसंहितेतील कलमलेखन

आचारसंहिता किंवा वर्तणूक नियम यांतील प्रत्येक कलम अशा शब्दांत मांडणे की त्याचा भंग झाला की नाही हे पुराव्यावरून ठरवता यावे आणि भंगाचा परिणाम आधीच ठाऊक असावा, ही विधिलेखनाची एक शाखा होय. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार भारतातील नोकरीविषयक नियम, म्हणजे शासकीय सेवकांचे वर्तणूक नियम आणि कारखान्यांचे स्थायी आदेश, यांपुरता केला आहे. कारण कलमाच्या शब्दरचनेची कसोटी येथे न्यायालयांत सर्वाधिक वेळा लागली आहे.

याउलट जे कलम सुभाषितासारखा उपदेश करते, पण ज्याचा भंग पुराव्याने ठरवता येत नाही, त्याचा ठळक नमुना म्हणजे ‘अशोभनीय वर्तन’. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 या दोहोंच्या नियम 3 मध्ये सचोटी, कर्तव्यपरायणता आणि ‘सेवकास अशोभनीय ठरेल असे काहीही न करणे’ ही त्रयी आढळते. या शब्दप्रयोगाचे मूळ बहुधा ब्रिटिश लष्करी कायद्यात असावे. तेथे अठराव्या शतकापासून अधिकाऱ्याच्या व सभ्य गृहस्थाच्या प्रतिष्ठेस न शोभणारे वर्तन हा स्वतंत्र अपराध मानला गेला, आणि भारताच्या सेना अधिनियम, 1950 च्या कलम 45 मध्ये तो आजही आहे. मुलकी नियमांत तो लष्करातून थेट आला की इंग्लंडमधील व्यावसायिक संघटनांच्या शिस्तनियमांतून, याबद्दल दोन्ही बाजूंनी मांडणी करता येते. शब्दांतील साम्य पाहता पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. मूळ कोणतेही असले तरी एक फरक महत्त्वाचा आहे. लष्करी न्यायालयात निवाडा करणारे स्वतः त्याच परंपरेत वाढलेले अधिकारी असतात, त्यामुळे संदिग्ध शब्दाला रूढीचा आधार मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पार्कर विरुद्ध लेव्ही (1974) या खटल्यात अशाच लष्करी कलमाचे समर्थन करताना सेवेतील रूढींचा आधार घेतला होता. मुलकी कार्यालयात किंवा कारखान्यात अशी सामायिक रूढी गृहीत धरता येत नाही.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय येथे पायाभूत मानले जातात. भारत सरकार विरुद्ध जे. अहमद (1979) हे प्रकरण आसामातील 1960 च्या भाषिक दंगलींच्या वेळी जिल्ह्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचे होते. त्याच्यावर प्रभावी प्रतिबंधक उपाय न योजल्याचे आणि नेतृत्वाचा अभाव दाखवल्याचे आरोप होते. न्यायालयाने म्हटले की कार्यक्षमतेचा किंवा उच्च दर्जाच्या नेतृत्वाचा अभाव हा उणेपणा असेल, पण तो गैरवर्तणूक ठरत नाही. ए. एल. कालरा प्रकरणात (1984) एका सार्वजनिक उपक्रमाच्या अधिकाऱ्याने घरासाठी व वाहनासाठी अग्रिम घेतले आणि त्यांबाबतच्या अटी मुदतीत पाळल्या नाहीत, म्हणून त्याला सेवेतून दूर केले होते. उपक्रमाच्या नियमांत ‘सर्वसाधारण’ या मथळ्याखाली सचोटीचा उपदेश होता, तर ‘गैरवर्तणूक’ या मथळ्याखाली कृत्यांची स्वतंत्र यादी होती. न्यायालयाने पहिल्यावरून शिक्षा करण्यास नकार दिला, कारण अशोभनीय म्हणजे काय हे वस्तुनिष्ठपणे मोजता येत नाही. शिवाय अग्रिमाच्या नियमांनी उल्लंघनासाठी दंडव्याज आधीच ठरवलेले होते. हा दुसरा मुद्दा मसुदा करणाऱ्यांच्या ध्यानातून बहुधा सुटतो: कलमाने स्वतःचा परिणाम सांगितला असेल, तर तो अंतिम आहे की शिस्तभंगाच्या कारवाईची वाटही मोकळी आहे, हेही कलमातच यावे लागते.

तिसरा निर्णय ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणातील (1984). कंपनीच्या स्थायी आदेशांतील एका कलमात मारामारी, शिवीगाळ, धाकदपटशा आदी कृत्ये मोजली होती आणि शेवटी ‘आस्थापनेच्या आवारात किंवा त्याच्या नजीक केलेली’ अशी स्थळमर्यादा होती. संपकाळात कामावर जाणाऱ्या कामगारांच्या बसमध्ये, आवारापासून दूर, दमदाटी झाल्याचा आरोप होता. आरोपातले कृत्य यादीत होते, पण ठिकाण नव्हते. स्थळमर्यादा यादीतील सर्व कृत्यांना लागू होते असे न्यायालयाने ठरवले आणि प्रकरण कलमाबाहेर गेले. ही मर्यादा सर्व कृत्यांना लागू नाही हा मालकाचा युक्तिवाद मान्य केला असता तर कामगार कोठेही असला तरी तो मालकाच्या शिस्तीखाली आला असता. मसुद्याच्या दृष्टीने दोष एवढाच की कामावर येण्याजाण्यासाठी पुरवलेले वाहन हे तीन-चार शब्द कलमात नव्हते.

याउलट मतही आहे. एम. एम. मल्होत्रा प्रकरणात (2005) त्याच न्यायालयाने म्हटले की गैरवर्तणुकीचे प्रकार इतके विविध असतात की त्यांची संपूर्ण यादी करणे अशक्य आहे. त्यापूर्वी 1976 मध्ये हिंदुस्तान मोटर्स प्रकरणातही यादीबाहेरील कृत्य कधीच गैरवर्तणूक ठरणार नाही असे मानले गेले नव्हते. दोन्ही धारांचा मेळ घालताना कृत्यांची यादी आणि तिच्या शेवटी, यादीत न आलेली कृत्ये सामावणारे मर्यादित शेषकलम, ही रचना अधिक टिकाऊ दिसते. तिचे चांगले उदाहरण केंद्रीय नियमांतील लैंगिक छळाविषयीचे 3-सी हे कलम होय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या विशाखा निर्णयानंतर (1997) ते 1998 मध्ये आले. त्यात शारीरिक स्पर्श व जवळीक, लैंगिक अनुग्रहाची मागणी, लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी, अश्लील चित्रे दाखवणे अशी कृत्ये सांगून शेवटी ‘लैंगिक स्वरूपाचे इतर कोणतेही नकोसे वर्तन’ असे म्हटले आहे. शेषकलम उघडे आहे, पण ‘लैंगिक स्वरूपाचे’ आणि ‘नकोसे’ या दोन शब्दांनी ते बांधलेले आहे. ‘इतर कोणतेही अनुचित वर्तन’ असे लिहिले असते तर यादी असूनही नसल्यासारखीच झाली असती.

एक कल्पित कलम घेऊन पाहता येईल. ‘कर्मचाऱ्यांनी वक्तशीरपणा व शिस्त अंगी बाणवावी’ या वाक्याचा भंग सिद्ध करता येत नाही. ‘सवयीने उशिरा येणे’ हे त्याहून बरे, कारण त्यात कृत्य आहे; पण ‘सवय’ किती वेळांनी लागते ते सांगितलेले नाही. पुढील मसुदा असा होऊ शकतो: ‘पाळी सुरू होण्याच्या वेळेनंतर 10 मिनिटांहून अधिक उशिराने, पूर्वपरवानगीशिवाय, एका कॅलेंडर महिन्यात तीनपेक्षा अधिक वेळा हजेरी नोंदवणे.’ येथेही काम संपत नाही. फाटकावर झडतीची रांग असेल, तर कर्मचारी फाटकाशी वेळेवर येऊनही हजेरीच्या यंत्राशी उशिरा पोहोचतो. म्हणून वेळ फाटकावरील मोजायची की यंत्रावरील, हे ठरवावे लागते. यंत्र बंद पडल्यास कोणते नोंदपुस्तक ग्राह्य, हेही लिहावे लागते. पहिल्या भंगास लेखी समज आणि सहा महिन्यांत पुन्हा घडल्यास पुढील कारवाई, असा क्रम दिला नाही तर सारख्याच उशिरासाठी एकाला बडतर्फी आणि दुसऱ्याला नुसती तंबी असे घडते, आणि मग चौकशीत कलमापेक्षा भेदभावावरच अधिक वाद होतो.

मसुदा सदोष असल्याची खूण दोषारोपपत्रात दिसते. विभागीय चौकशीच्या प्रचलित नमुन्यात जोडपत्र 1 मध्ये दोषारोपाची बाब, 2 मध्ये तपशील, 3 मध्ये कागदपत्रांची व 4 मध्ये साक्षीदारांची यादी असते. कलम नेमके असेल तर त्यातील प्रत्येक घटकासाठी शेवटच्या दोन याद्यांत काही ना काही दाखवता येते. नसेल तर जोडपत्र 1 मधील वाक्य ‘सदर कृत्यामुळे नियम 3 चा भंग झाला आहे’ एवढ्यावरच संपते. प्रत्यक्ष कार्यालयांत हे वाक्य इतर नेमक्या नियमांच्या जोडीलाही सरसकट चिकटवले जाते. ती खबरदारी असेलही. पण मुख्य आरोप न टिकल्यास शेपटावर शिक्षा टिकेल, हा भरवसा कालरा निर्णयानंतर फारसा उरलेला नाही.

नेमकेपणासाठी आकडा वापरल्यास तो जुना होण्याचा धोका असतो. केंद्रीय नियम 18(3) मध्ये जंगम मालमत्तेचा व्यवहार कळवण्याची मर्यादा पूर्वी ठराविक रुपयांत होती. 2011 मध्ये ती दोन महिन्यांच्या मूळ वेतनाशी जोडण्यात आली, त्यामुळे वेतनश्रेणी बदलली तरी कलम बदलावे लागत नाही. भेटवस्तूंविषयीच्या नियम 13 मधील स्पष्टीकरण आकडा मुळातच टाळते: प्रसंगवशात् दिलेले जेवण, गाडीतून सोडणे किंवा इतर सामाजिक आदरातिथ्य ही भेटवस्तू नव्हे, असे तेथे म्हटले आहे. मात्र वारंवार दिलेले जेवण ‘प्रसंगवशात्’ राहते का, याला नियमात आकडा नाही, आणि तो निर्णय चौकशी अधिकाऱ्यावरच सोपवलेला आहे.